विहिरीत आणि टाकीत क्लोरीन: किती टाकायचं आणि पाणी कधी वापरायचं

पुण्यातल्या धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव, खडकवासला या पट्ट्यात बंगल्यांच्या आणि जुन्या वाड्यांच्या आवारात अजून चालत्या विहिरी आहेत. जानेवारी २०२५ मध्ये याच भागात जीबीएस, म्हणजे गिलन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, आणि एका आठवड्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर सगळ्यांच्या तोंडी झाली. पण ती नेमकी किती घालायची हे विचारलं की प्रत्येकाचं उत्तर वेगळं. आमच्या शेजारचे काका ठामपणे म्हणायचे, "दोन मुठी टाका, वास आला की झालं." समोरच्या वहिनींचा भर तुरटीवर, आणि एका घरात अजून पोटॅशियमचं लाल औषध चालू होतं. तुरटीने गाळ खाली बसतो, लाल औषधाने रंग येतो. पिण्याचं पाणी सुरक्षित होण्यासाठी या दोन्हींवर विसंबता येत नाही.

सहा घरांची मिळून एक विहीर आणि प्रत्येकाच्या गच्चीवर टाकी, अशी आमची सोय आहे. तीच उदाहरण म्हणून घेतो. आकडे तुमच्या विहिरीचे घालायचे, पद्धत हीच.

आधी एक फरक लक्षात घ्या

क्लोरीनची कामं दोन आहेत. पहिलं निर्जंतुकीकरणाचं: पुराचं किंवा गटाराचं पाणी शिरलं, विहिरीत काही मरून पडलं, गाळ काढला, टाकी धुतली किंवा नवा पंप बसवला, की एकदाच मोठा डोस द्यायचा. ते पाणी प्यायचं नसतं, उपसून टाकायचं असतं. दुसरं रोजचं: पिण्याच्या पाण्यात अगदी थोडं क्लोरीन, एवढंच की जंतू मरून वर थोडं शिल्लक राहावं. मोठा डोस लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, रोजचा १ ते ३. सगळा गोंधळ होतो तो या दोन आकड्यांची अदलाबदल झाल्यामुळे. कोणी मोठा डोस देऊन सकाळी चहा टाकतो, तर कोणी पुरानंतरच्या विहिरीला रोजचा डोस देऊन निश्चिंत होतो.

काय काय लागेल

- टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या मालात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. हिशोब २५ टक्क्यांनी करा, कारण दुकानात आणि घरात ठेवून ते उतरतं.
- टाकीसाठी हवं तर सोडियम हायपोक्लोराइट. कॅनवर टक्के लिहिलेले असतात, मी ५ टक्के धरून लिहितोय. सुगंधी किंवा साबण मिसळलेलं घेऊ नका.
- प्लॅस्टिकच्या बादल्या आणि विहिरीसाठी २०० लिटरचं पिंप. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचं भांडं नको.
- ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा, सुईशिवायची ५ मिलिची सिरिंज, मापाची टेप, दगड बांधलेली दोरी.
- रबरी हातमोजे, चष्मा, तोंडाला मास्क.
- क्लोरीन तपासायचं किट. ओटी किंवा डीपीडी, कोणतंही चालेल.

पावडर घेताना पिशवी हलवून बघा. कोरडी, सुटी आणि नाकाला झोंबणारी असेल तर ठीक. ओली, गठ्ठे झालेली पावडर स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. तिच्यात चुनाच जास्त उरलेला असतो. घरी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेवा. स्विमिंग पूलच्या मोठ्या गोळ्या यासाठी वापरू नका, आणि त्या टीसीएलमध्ये मिसळायच्या तर मुळीच नाहीत. दोन्ही एकत्र आल्या तर आग किंवा स्फोट होऊ शकतो. टॉयलेट साफ करायचं अॅसिड आणि टीसीएल एकत्र आलं तर विषारी वायू सुटतो, म्हणून टाकी अॅसिडने घासून लगेच क्लोरीन घालण्याचा उद्योग करू नका.

१. विहिरीत पाणी किती ते मोजा

दगड बांधलेली दोरी तळापर्यंत सोडा, वर काढा, आणि जेवढी भिजली तेवढी मोजा. ती पाण्याची खोली. मग विहिरीचा व्यास मोजा. दोन्ही फुटांत घेऊन असं करा: व्यास गुणिले व्यास, गुणिले खोली, गुणिले २२. आलेला आकडा लिटरमध्ये. हे गोल विहिरीसाठी. चौकोनी असेल तर लांबी, रुंदी आणि खोली यांचा गुणाकार करून त्याला २८ ने गुणा.

आमची विहीर १२ फूट व्यासाची, गणपतीच्या सुमारास पाणी १० फूट. १२ × १२ × १० × २२ म्हणजे ३१,६८०, म्हणून ३२,००० लिटर धरलं. हाच आकडा मे महिन्यात १०,००० च्याही खाली येतो. त्यामुळे "आमच्या विहिरीला एवढी पावडर लागते" असं एकदाच ठरवून ठेवता येत नाही, दोरी दर वेळी सोडावी लागते.

२. मोठा डोस: तयारी आणि उपसा

मोठ्या डोसचा दिवस ठरला की आदल्या रात्री पिण्याचं आणि स्वयंपाकाचं दोन दिवसांचं पाणी दुसरीकडून भरून ठेवा. सगळ्या घरांना सांगा, नळांवर चिठ्ठ्या चिकटवा. आरओ मशीनचा पाणी येणारा कॉक बंद करा. जास्त क्लोरीनने त्याचा पडदा खराब होतो. आणि विहिरीत डासांसाठी गप्पी मासे सोडलेले असतील तर ते आधी जाळीने काढून पिंपात ठेवा. क्लोरीन अगदी थोडं असलं तरी मासे मरतात, आणि मेलेले मासे विहिरीत कुजू लागले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग पंप लावून पाणी जितकं खाली नेता येईल तितकं न्या. गाळ असेल तर तो याच वेळी काढायचा. क्लोरीन गाळात जिरून जातं, जंतूंपर्यंत पोचतच नाही. विहिरीत माणूस उतरवायचा असेल तर ते काम नेहमी करणाऱ्यांकडेच द्या. जुन्या विहिरीत तळाशी हवा नसते, आणि डिझेल पंप आत उतरवून चालवणं तर जीवावर बेतणारं आहे. पावडर टाकल्यावर कोणीही आत उतरायचं नाही.

३. मोठा डोस: हिशोब आणि ओतणं

आमच्याकडे उपशानंतर पाणी ४ फुटांवर आलं, म्हणजे साधारण १२,८०० लिटर. लिटरला ५० मिलिग्रॅमने क्लोरीन लागलं ६४० ग्रॅम. टीसीएलमध्ये ते २५ टक्के, म्हणजे चौपट पावडर: २,५६० ग्रॅम. अडीच किलोपेक्षा थोडी जास्त. दर हजार लिटरला २०० ग्रॅम, असं सोपं करून लक्षात ठेवा.

ही पावडर सरळ विहिरीत उधळू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, पळीवाढी झाली की पिंपात ओतून पिंप भरा आणि काठीने ढवळा. अर्धा तास थांबा. खाली पांढरा चिकट साका बसतो, वर पिवळसर हिरवट झाक असलेलं नितळ पाणी राहतं. क्लोरीन त्या वरच्या पाण्यात आहे. साका चुन्याचा, तो विहिरीत गेला तर पाणी जड होतं आणि गढूळही. आपल्याकडचं विहिरीचं पाणी आधीच जड, त्यात भर नको. नितळ पाणी नळीने काढून विहिरीच्या कडेकडेने, सगळ्या बाजूंनी फिरवत सोडा.

आता जी गोष्ट बहुतेक जण करत नाहीत ती. पंप सुरू करा, त्याचं पाणी होजपाइपने परत विहिरीत घ्या आणि कठड्यापासून खालपर्यंत भिंती धुवा. शेवाळ, कबुतरांची घाण, दगडांच्या सांधींतली माती, सगळं वरच्या भागात असतं. नुसतं खालच्या पाण्यात क्लोरीन घालून ते जागचं हलत नाही. अर्धा-पाऊण तास पाणी असं फिरू द्या, आतलं द्रावणही त्याने सारखं मिसळतं. त्यानंतर पंपाने हेच पाणी घरांच्या टाक्यांत चढवा आणि प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडून बंद करा. पाइपसुद्धा निर्जंतुक व्हायला हवेत.

रात्रभर झऱ्यांचं पाणी येऊन पातळी चढणार. आमची पुन्हा १० फुटांवर आली तरी घातलेलं क्लोरीन लिटरला २० मिलिग्रॅमच्या हिशोबात बसत होतं, म्हणून वेगळं काही घालावं लागलं नाही. झरे फारच जोरात असतील तर सरळ भरलेल्या विहिरीच्या लिटरवरच हिशोब करा.

४. थांबा, मग उपसा

किमान १२ तास, जमलं तर पूर्ण २४ तास. या वेळात ते पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला नाही, अंघोळीला नाही, कपड्यांनाही नाही. रंगीत कपडे विटतात. उकळून घेऊ म्हणणारं कोणीतरी घरात निघतंच, त्यांनाही नाही म्हणा.

दुसऱ्या दिवशी उपसा. मोकळ्या मुरमाड जागेवर पाणी पसरू द्या. उन्हात क्लोरीन लवकर उडतं. कुंड्या, बाग आणि शोषखड्डा यांच्यात ते सोडू नका, ओढ्यात तर नाहीच. वास जाईपर्यंत उपसत राहायचं आणि मग किटने तपासायचं. इथे डीपीडी किट वापरणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि पाणी बिनरंगी दिसतं. माणूस समजतो क्लोरीन संपलं. नाकाला वास येतोय आणि किट शून्य दाखवतंय, असं झालं की एक भाग नमुना आणि नऊ भाग बाटलीबंद पाणी मिसळून पुन्हा तपासा आणि आकड्याला दहाने गुणा.

५. रोजचा डोस: बादल्यांची चाचणी

सरसकट सांगितलं जातं की हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल. हा आकडा चुकीचा नाही, पण तो स्वच्छ पाण्याचा आहे. पाण्यातली माती, शेवाळ, कुजलेला पाला हे सगळे क्लोरीन खातात. त्यांचं भागल्यावर जे उरतं तेच पुढे उपयोगी. तुमचं पाणी किती खातं ते पावडरीच्या पिशवीवर लिहिलेलं नसतं, ते असं काढायचं.

एक लिटर पाण्यात ४० ग्रॅम टीसीएल कालवून नितळू द्या. हे झालं १ टक्क्याचं द्रावण. प्लॅस्टिकच्या चार बादल्यांत विहिरीचं २०-२० लिटर पाणी घ्या. सिरिंजने पहिलीत १ मिलि, दुसरीत २, तिसरीत ४, चौथीत ६ मिलि द्रावण टाका आणि ढवळा. म्हणजे लिटरला अनुक्रमे अर्धा, एक, दोन आणि तीन मिलिग्रॅम क्लोरीन झालं. झाकून अर्धा तास ठेवा. मग प्रत्येक बादलीतलं पाणी किटने तपासा. ओटी किट असेल तर थेंब टाकल्यापासून दहा सेकंदांच्या आत, नळीमागे पांढरा कागद धरून रंग जुळवा. नंतर रंग गडद होत जातो आणि खोटा आकडा मिळतो. तपासलेलं पाणी फेकून द्या. ओटीचं रसायन अंगाला लागू देऊ नका.

आमच्या पावसाळी पाण्यात पहिल्या दोन बादल्यांत रंगच आला नाही. तिसरीत ०.५ च्या जवळपास फिका पिवळा आला, चौथीत ठळक. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात क्लोरीन किमान ०.२ उरायला हवं आणि विषाणूंचा धोका असेल तेव्हा ०.५. म्हणून तिसरी बादली पकडली: लिटरला २ मिलिग्रॅम. ३२,००० लिटरला ६४ ग्रॅम क्लोरीन, म्हणजे २५६ ग्रॅम टीसीएल. अडीच ग्रॅमच्या हिशोबाने आम्ही ८० ग्रॅम घालून मोकळे झालो असतो आणि पाण्यात काही म्हणजे काही उरलं नसतं. काकांच्या दोन मुठींचं गणित मी मांडून पाहिलं नाही.

ही चाचणी पावसाळा सुरू झाल्यावर, दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात करा. पाणी गढूळ दिसत असेल तर आधी ते निवळू द्या. गढूळ पाण्यात मातीच्या कणांआड जंतू वाचतात.

६. रोजचा डोस: टाकायचा कसा

संध्याकाळी, दिवसभराचा उपसा संपल्यावर. ऊन नसल्यामुळे क्लोरीन टिकतं आणि रात्रभराचा वेळ मिळतो. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका; आमच्या २५६ ग्रॅमला तीन बादल्या लागतात. कालवा, भरा, दहा मिनिटं नितळू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत काढा, ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली आणि गोल फिरवा. नुसतं वरून ओतलं तर तळापर्यंत लवकर मिसळत नाही.

पाणी वापरण्याआधी किमान एक तास जाऊ द्या. संध्याकाळी घातलं तर सकाळी बिनधास्त वापरा, पण नळाशी एकदा किट लावून. ०.२ ते ०.५ दिसलं तर ठीक. त्यापेक्षा कमी असेल तर डोस वाढवून पुन्हा एक तास. १ च्या थोडं वर असेल तर वास येईल, तेवढ्याने अपाय होत नाही. उघड्या पातेल्यात काही तास ठेवलं की वास कमी होतो. उपसा आणि झरे चालू असतात तोवर हे रोज करावं लागतं, एकदा घालून आठवडाभर पुरत नाही.

७. गच्चीवरची किंवा जमिनीतली टाकी

हे विहिरीच्या मानाने सोपं, कारण लिटर टाकीवरच लिहिलेले असतात. टाकी रिकामी करा, ब्रशने आणि साध्या पाण्याने घासा, तळाचा गाळ वॉशआउटच्या नळातून बाहेर काढा. पाव टाकी पाणी घेऊन त्यात दर हजार लिटर क्षमतेला १ लिटर ५ टक्के हायपोक्लोराइट घाला, किंवा २०० ग्रॅम टीसीएलचं नितळ पाणी. मग टाकी काठोकाठ भरा, म्हणजे सगळं मिसळेल आणि झाकणाखालचा भागही भिजेल. नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा. २४ तास ठेवा. अगदीच घाई असेल तर औषध दुप्पट करून ८ तास. नंतर सगळं पाणी सोडून द्या, ताजं भरा, अर्ध्या तासाने तपासा, ०.५ किंवा कमी आलं की टाकी वापरात.

रोजच्या डोसला हजार लिटरला ५ टक्क्यांचं २० मिलि द्रव म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. पालिकेच्या नळाचं पाणी असेल तर आधी टाकीत काय शिल्लक आहे ते तपासा, बऱ्याचदा वेगळं घालावं लागत नाही.

जमिनीतल्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल, जसं २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत घराघरांत शिरलं होतं, तर टाकीतलं सगळं पाणी आणि गाळ आधी बाहेर. वर क्लोरीन ओतून ते पाणी "शुद्ध" करायचा प्रयत्न करू नका.

८. क्लोरीन रोज गायब होत असेल तर

चाचणीप्रमाणे डोस दिला, रात्री ०.५ आलं आणि सकाळी शून्य, असं रोज व्हायला लागलं तर पावडर वाढवत बसू नका. आधी पावडर ताजी आहे ना ते बघा. ती ताजी असेल तर विहिरीत सतत काहीतरी येतंय. शोषखड्डा किंवा ड्रेनेजची लाइन १५ मीटरच्या आत आहे का, कठड्याभोवतीचा ओटा फुटलाय का, धुण्याचं पाणी मागे मुरतंय का, हे तपासा. आमच्या ओळखीतल्या एका विहिरीचं कारण शेजारच्या इमारतीच्या चेंबरमध्ये निघालं. चेंबर दुरुस्त झाल्यावर डोस निम्म्यावर आला.

नायट्रेट, पाण्याचा जडपणा, कारखान्याचं रसायन यांवर क्लोरीनचा उपयोग नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवीही नेहमीच्या डोसला दाद देत नाहीत. घरात लहान बाळ किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर क्लोरीन घातलेलं पाणीही उकळूनच द्या.

मोठ्या डोसनंतर सात ते दहा दिवसांनी, विहिरीतलं क्लोरीन पूर्ण गेल्यावर आणि रोजचा डोस सुरू करण्याआधी, जंतूंसाठी नमुना प्रयोगशाळेत द्या. तोवर पिण्याचं पाणी उकळून घ्या. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे; निर्जंतुक बाटली त्यांच्याकडूनच घ्या, घरची धुतलेली चालत नाही. बाटलीत आधीच थोडी पावडर दिसली तर ती झटकू नका, नमुन्यातलं उरलंसुरलं क्लोरीन मारण्यासाठी ती असते. नळाचं तोंड पुसून, पाणी दोन-तीन मिनिटं सोडून मग बाटली भरा, आतल्या बाजूला बोट लावू नका, आणि बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवालात कोलिफॉर्म जिवाणू आले तर पायरी २ पासून पुन्हा करा. दुसऱ्यांदाही आले तर क्लोरीन बाजूला ठेवा आणि विहिरीत घाण कुठून येतेय ते शोधायला माणूस बोलवा.